पाऊल अर्धं, पुन्हा अर्धं

पडद्यावरचा पहिला आकडा होता २४.२ आणि दुसरा एकवीस हजार कोटींच्या घरातला. उतरायला निघालो होतो आणि पहिल्याच पावलात भलत्याच डोंगराच्या माथ्यावर जाऊन पोचलो होतो.

फंक्शन प्रसिद्ध होतं. हॉवर्ड रोझेनब्रॉक यांनी १९६० साली मांडलेलं, आणि तेव्हापासून किमान शोधणाऱ्या प्रत्येक पद्धतीची परीक्षा घेणारं:

```
f(x, y) = 100*(y - x**2)**2 + (1 - x)**2
```

याचा तळ (१, १) या बिंदूपाशी आहे आणि तिथे किंमत शून्य. तळाकडे जाणारी दरी मात्र केळ्यासारखी वाकडी, भिंती उभ्या आणि तळ जवळजवळ सपाट. रिवाजाप्रमाणे सुरुवात (−१.२, १) पासून करायची. तिथला ग्रेडियंट, म्हणजे सर्वांत उभ्या चढाची दिशा, (−२१५.६, −८८) येतो. त्याच्या उलट निघालं की उतार. इथपर्यंत सगळं सरळ आहे. पण दिशा कळली तरी किती चालायचं ते ग्रेडियंट सांगत नाही. मी ग्रेडियंटच्या पूर्ण लांबीएवढं पाऊल टाकलं, (२१४.४, ८९) ला पोचलो आणि तो अवाढव्य आकडा आला.

यावरचा उपाय इतका साधा आहे की पहिल्यांदा ऐकताना फसवणूक वाटते. पाऊल लांब पडलं तर मागे या, अर्धं करा, पुन्हा पाहा. बॅकट्रॅकिंग लाइन सर्च म्हणतात ते हेच. मी प्रत्येक अर्ध्या पावलाची किंमत छापायला लावली आणि बघत बसलो. पाऊल १/६४ केलं तेव्हा किंमत ५४३.५ झाली, १/१२८ ला २११.४, १/२५६ ला १४९.६, १/५१२ ला ३५.१. अजून सुरुवातीच्या २४.२ पेक्षा वरच. १/१०२४ ला एकदम ५.१०. दहा वेळा अर्धं करून एक पाऊल पदरात पडलं.

माझ्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये थांबायची अट एवढीच होती, की नवी किंमत जुन्यापेक्षा कमी हवी. हा विषय आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमनी त्या प्रोग्रॅमचा कागद पाहिला आणि त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली.

“कमी होतंय ना दर वेळी?” मी विचारलं.

“होतंय. पण किती?” त्या म्हणाल्या, आणि कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी x² लिहिलं.

x² चा तळ शून्यापाशी. सुरुवात २ पासून. पुढचे थांबे त्यांनी असे मांडले: −३/२, मग ५/४, मग −९/८, मग १७/१६. दर वेळी उताराच्याच दिशेने निघायचं, पण तळ ओलांडून पलीकडच्या भिंतीवर जायचं. किमती येतात ४, २.२५, १.५६, १.२७, १.१३. प्रत्येक पाऊल खाली नेतं, माझी अट प्रत्येक वेळी पाळली जाते, आणि असंच जन्मभर चाललं तरी किंमत १ च्या खाली जात नाही. दोन भिंतींमध्ये +१ आणि −१ च्या आसपास हेलपाटे घालत राहायचं.

“पण असली वाकडी पावलं टाकणार कोण?” मी म्हटलं.

“अरे, कुणीही टाकू नये अशी सोय अटीत हवी. माणसाच्या चांगुलपणावर सिद्धता उभी राहत नाही.”

ही सोय लॅरी आर्मिहो यांच्या १९६६ च्या लेखात आहे. ‘पॅसिफिक जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स’मधला तो लेख लहानसाच आहे. कल्पना अशी: जिथे उभे आहात तिथला उतार तसाच सरळ पुढे चालू राहिला असता तर t एवढ्या पावलात किती घट झाली असती, ते आधी काढायचं. हे उताराचं वचन. जमीन वाकलेली असल्यामुळे ते पुरतं पाळलं जाणार नाही हे माहीत असतंच. म्हणून मागणी त्याच्या ठरावीक हिश्श्याची. हा हिस्सा c. बहुतेक प्रोग्रॅममध्ये तो ०.०००१ असतो. तेवढी घट मिळाली तर पाऊल मंजूर, नाहीतर अर्धं.

```
t = 1.0
while f(x - t*g) > f(x) - c*t*(g @ g):
    t = t / 2
x = x - t*g
```

माझ्या पहिल्या पावलाला ही फूटपट्टी लावून पाहिली. १/१०२४ ला उताराचं वचन होतं ५२.९६. प्रत्यक्षात मिळाले १९.१०. मागणी फक्त ०.००५३ ची होती. दहा हजारांत एक रुपया मागणारा सावकार कसला, असं मला वाटलं. एवढ्याशा मागणीने x² वरचे हेलपाटे थांबणार कसे?

करूनच पाहिलं. मॅडमच्या थांब्यांवर मिळालेली घट भागिले वचन असं गुणोत्तर मांडत गेलो: १/८, १/१२, १/२०, १/३६. पाऊल जवळजवळ तेवढंच लांब आहे, उतारही जवळजवळ तेवढाच उभा आहे, म्हणजे वचन मोठंच राहतं; मिळकत मात्र दर वेळी निम्म्याच्या जवळ येत जाते. असं गुणोत्तर शून्याकडे चाललं असेल तर c कितीही लहान धरा, कधी ना कधी ते त्याच्या खाली जाणारच. ०.०००१ धरलं तर पहिली बारा पावलं मंजूर होतात आणि तेरावं नामंजूर. ते अर्धं केलं की गडी थेट १/१६३८४ ला, तळाच्या अंगणातच येऊन पडतो. c लहान असण्याने बिघडत नाही. तो पावलागणिक बदलत नाही आणि शून्य नाही, एवढं पुरतं.

पण या अटीला एक भोक आहे, आणि ते मला बरेच दिवस दिसलं नव्हतं. x² वरच २ पासून निघून १.५, १.२५, १.१२५ असं मुंगीच्या पावलांनी सरकत राहिलं तर अट झकास पाळली जाते. पावलं लहान, म्हणून उताराचं वचन जवळजवळ पुरतं खरं ठरतं. तरी आपण १ पाशीच अडकतो. म्हणजे नुसती पुरेशी घट पुरत नाही. पाऊल विनाकारण लहानही असता कामा नये. अर्धं करत जाण्याच्या पद्धतीचं खरं काम इथे आहे. ती लांब पावलापासून सुरुवात करते आणि नकार मिळाल्याशिवाय लहान होत नाही. म्हणून मंजूर पाऊल लहान असेल तर त्याच्या दुप्पट पाऊल नापास झालेलं असतं, आणि ते नापास व्हायला जमिनीत तेवढा बाक असावा लागतो.

हा बाक मोजता येतो. एकक अंतरात ग्रेडियंट जास्तीत जास्त L ने बदलत असेल तर 2(1 − c)/L पेक्षा लहान असलेलं कुठलंही पाऊल अट पाळतंच. नापास झालेलं पाऊल त्याहून मोठं असणार, म्हणून मंजूर झालेलं (1 − c)/L पेक्षा लहान असू शकत नाही (सुरुवातीचं पाऊलच त्याहून लहान असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा ते पहिल्या फटक्यात मंजूर होतं). रोझेनब्रॉकच्या सुरुवातीच्या बिंदूवर दुसरे अवकलज घेऊन मी सर्वांत तीव्र बाक काढला, तो सुमारे १५०६ आला. दोन भागिले १५०६ म्हणजे जवळपास १/७५३. प्रोग्रॅमने हा आकडा कधी पाहिलाच नव्हता. तो १/५१२ ला नाही म्हणाला आणि १/१०२४ ला हो. चाचपडत जाऊन तो योग्य जागी पोचला होता.

आता हिशेब जुळतो. प्रत्येक पावलाला घट किमान c गुणिले पाऊल गुणिले ग्रेडियंटच्या लांबीचा वर्ग एवढी होते, आणि पाऊल एका मर्यादेखाली जात नाही. म्हणून प्रत्येक पावलाची वसुली ग्रेडियंटच्या वर्गाच्या ठरावीक पटीत असते. आणि वसूल करायला एकूण शिल्लक किती? रोझेनब्रॉकसाठी २४.२, कारण तळ शून्य आहे. तिजोरीत २४.२ असताना अगणित पावलं टाकायची, तर ग्रेडियंट कायम मोठा राहणं शक्यच नाही. वर्गांची अनंत बेरीज मर्यादित राहायची तर ते वर्ग शून्याकडे जायलाच हवेत. सिद्धतेचा गाभा एवढाच. रोझेनब्रॉकचा बाक दूरवर अमर्याद वाढतो हे खरं, पण प्रत्येक पाऊल खाली नेत असल्यामुळे आपण २४.२ च्या रेषेबाहेर कधी पडत नाही, आणि त्या रेषेच्या आतल्या प्रदेशात L ला मर्यादा आहे.

मंजुरी कधीच मिळाली नाही असंही एकदा झालं. प्रोग्रॅम पाऊल अर्धं करत राहिला. पन्नास वेळा झालं तरी थांबेना. मी आधी c वर संशय घेतला, मग संगणकावर. चूक माझ्या ग्रेडियंटमध्ये होती. पहिल्या घटकातल्या ४०० चं वजा चिन्ह मी गिळलं होतं, त्यामुळे −२१५.६ ऐवजी २०६.८ येत होतं आणि माझी ‘उताराची’ दिशा खरं तर चढाची होती. चढाच्या दिशेने पाऊल कितीही लहान केलं तरी उताराचं वचन पाळलं जाणार कसं? तेव्हापासून अर्धं करण्याची संख्या मी प्रत्येक ओळीत छापतो. दहा असली तर दरी उभी आहे. चाळीस-पन्नास असली तर x ला ०.०००००१ ने हलवून किंमत किती बदलते ते पाहतो आणि ग्रेडियंटशी ताडतो.

दुसरी अडचण तळाजवळची. प्रयोग म्हणून फंक्शनमध्ये १००० मिळवले. दरी तीच, फक्त उचललेली. पण हजाराच्या आसपास संगणकाला सुमारे १०⁻¹³ पेक्षा लहान फरक दिसत नाहीत. घट त्याखाली गेली की दोन्ही बाजू सारख्याच भासतात, आणि अट कशी लिहिली आहे त्यानुसार एक तर पाऊल फुकट मंजूर होतं किंवा अर्धं करणं संपतच नाही. तिथे ग्रेडियंटची लांबी पाहून थांबावं, किमतीच्या भरवशावर राहू नये.

ग्रेडियंट शून्याकडे जातो, एवढीच ही हमी. तो किती वेळात जाईल याबद्दल ती गप्प आहे. माझा प्रोग्रॅम ५.१० वरून दरीच्या बुडाशी उतरला आणि मग एका भिंतीकडून दुसरीकडे नागमोडी सरकत हजारो पावलं खात बसला. म्हणून मी अर्धं करण्याची पद्धत तीच ठेवून दिशा बदलली आणि न्यूटनची घेतली, जी बाकाचाही विचार करते. पहिलं पूर्ण पाऊल मंजूर झालं, किंमत ४.७३. दुसऱ्या पूर्ण पावलाला ती १४११.८ वर उडाली. नामंजूर. अर्धं, पाव, मग १/८ ला ४.०९ आणि मंजुरी. असं थोडं अडखळत वीसेक पावलांत काम झालं, आणि शेवटची काही पावलं एकदाही अर्धी न करता पूर्ण लांबीची होती.

त्या शेवटच्या ओळींत एक गंमत दिसली. तळाजवळ दरी जवळजवळ वर्गफलासारखी होते, आणि तिथे न्यूटनच्या पूर्ण पावलाला उताराने कबूल केलेल्या घटीच्या जवळपास निम्मी घट मिळते. आर्मिहोंच्या मूळ लेखात हिस्सा निम्माच होता. त्यांची दिशा ग्रेडियंटची होती, त्यामुळे तिथे तो चालून जातो. माझं १/१०२४ चं पाऊल मात्र त्या कसोटीत नापास झालं असतं आणि १/२०४८ ला ६.८० वर समाधान मानावं लागलं असतं. न्यूटनबरोबर तो हिस्सा ठेवला तर अगदी चांगली पूर्ण पावलंही काठावर पास-नापास होत राहतील. म्हणून तिथे c निम्म्यापेक्षा कमी ठेवतात.