दरमहा एक टक्का : वाटप म्हणजे कमाई नव्हे

आजचा विषय श्रोत्यांनीच सुचवलेला आहे. अमेरिकेत राहणाऱ्या, नोकरीतून नुकत्याच निवृत्त झालेल्या काही मंडळींनी विचारलं, की कव्हर्ड कॉल विकून दरमहा पैसे वाटणारे फंड घ्यावेत, की आपणच शेअर ठेवून त्यांवर कॉल विकावेत? या प्रश्नाचं उत्तर देण्यापूर्वी आपण त्यातला एक शब्द तपासून घेऊ. तो शब्द म्हणजे 'उत्पन्न'. हातात दरमहा येतं ते वाटप. मालमत्ता शाबूत राहून जे उरतं ती कमाई. या दोन गोष्टी एकच धरल्या की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

आधी व्यवहार समजून घेऊ. आपल्याकडे एक शेअर आहे, भाव 100. आपण एकाला सांगतो, 'महिन्याभरात तुला हवा तर हा 100 ला घेऊन जा. या हक्काबद्दल मला आत्ता 3 दे.' हे 3 म्हणजे प्रीमियम, आणि ठरलेला 100 हा भाव म्हणजे स्ट्राइक. भाव 115 झाला तरी आपल्याला 103 च मिळणार. भाव 85 झाला तर 15 चा तोटा आपला, फक्त त्यातले 3 भरून निघाले. म्हणजे वरची बाजू बंद केली आणि खालची बाजू जवळजवळ सगळी आपल्याकडेच ठेवली. प्रीमियम ही या असमानतेची किंमत आहे, व्याज नव्हे.

आता फंडाचं उदाहरण. QYLD हा अमेरिकेतला प्रसिद्ध फंड 2013 च्या डिसेंबरात सुरू झाला. तो नॅसडॅक-100 निर्देशांकातले शेअर बाळगतो आणि दर महिन्याला, निर्देशांक ज्या पातळीवर असेल जवळपास त्याच पातळीचे, एक महिन्याचे कॉल संपूर्ण मालमत्तेवर विकतो. वाटपाचा त्याचा सर्वसाधारण दंडक असा, की मिळालेल्या प्रीमियमचा अर्धा भाग किंवा मालमत्ता-मूल्याचा एक टक्का, यांपैकी जे कमी असेल ते दरमहा वाटायचं. वर्षाकाठी अकरा-बारा टक्के दिसतात ते इथून. अर्धा प्रीमियम तर परत गुंतवला जातो, मग मुद्दल का झिजावं, असं कुणालाही वाटेल. ते का झिजतं, हे दोन महिन्यांचा हिशेब मांडून पाहू.

निर्देशांक 100, युनिट 100. पहिल्या महिन्यात प्रीमियम 3 मिळाला, निर्देशांक 90 वर घसरला. युनिट 93 झालं, त्यातून 1 वाटला, उरले 92. आता फंड नवा कॉल विकतो, तो मात्र 90 च्या पातळीचा. घाबरलेल्या बाजारात प्रीमियम जास्त मिळतो, समजा 3.2 मिळाला. दुसऱ्या महिन्यात निर्देशांक पुन्हा 100 वर आला. ही चढ सगळी कॉल घेणाऱ्याची. फंडाचे झाले 95.2, त्यातून जवळपास 1 वाटला, उरले सुमारे 94. नुसते शेअर धरून बसलेला माणूस 100 वर परत पोचला. फंडवाल्याकडे 94 चं युनिट आणि 2 हातात, एकूण 96. पडताना तो पूर्ण पडला; चढताना मात्र छत 90 वर बांधलेलं होतं. मुद्दल झिजतं ते इथे. उलट दोन्ही महिने बाजार जागच्या जागी राहिला असता तर त्याच्याकडे 106 झाले असते, हेही न्यायाने सांगितलं पाहिजे.

प्रत्यक्षात काय घडलं? 2022 साली नॅसडॅक-100 सुमारे एक तृतीयांश घसरला आणि 2023 साली निम्म्याहून अधिक चढला. QYLD वाटप धरून पहिल्या वर्षी सुमारे 19 टक्के खाली गेला, दुसऱ्या वर्षी सुमारे 23 टक्के वर आला. वाटप पुन्हा गुंतवलं असतं तर दोन वर्षांची गोळाबेरीज जवळपास शून्य. निर्देशांक काही टक्के पुढे. पण ज्याने वाटप खर्च केलं, त्याचं युनिट 22 डॉलरच्या आसपासचं 17 च्या थोडं वर राहिलं. दोन वर्षांत जे खाल्लं ते साधारण त्याचंच मुद्दल होतं.

मग स्वतः विकावेत का? तोच हिशेब पुन्हा लावू. समजा आपण स्ट्राइक पाच टक्के वर ठेवला. पहिल्या महिन्यात 105 चा कॉल विकून 1 मिळाला. भाव 90 झाल्यावर 94.5 चा कॉल विकून दीड मिळाला. भाव 100 वर आला तेव्हा आपले 94.5 अधिक अडीच, म्हणजे 97. फंडाच्या 96 च्या शेजारीच! छत कॉलबरोबर येतं; तो कोण विकतो याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दरमहा यंत्रासारखं विकायचं असेल तर स्वतः करण्यात फारसा लाभ नाही.

स्वतः विकणाऱ्याजवळ फंडापेक्षा वेगळं असतं ते प्रमाण ठरवण्याचं स्वातंत्र्य. निम्म्याच शेअरांवर कॉल विकले असते तर 98.5 झाले असते. घसरणीनंतरचा महिना रिकामा सोडता आला असता; अर्थात चढ येणारच हे त्या दिवशी कुणाला ठाऊक नसतं. आणखी एक, प्रीमियम 1 आला की 1 च दिसतो. त्याहून जास्त खर्च करायचे तर शेअर विकावे लागतात, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत होतं.

याची किंमतही आहे. अमेरिकेत एका करारामागे 100 शेअर लागतात. QQQ सारख्या फंडाचे 100 म्हणजे काही दहा हजार डॉलर. लाभांशाच्या आदल्या दिवशी समोरचा शेअर उचलून नेऊ शकतो. वीस वर्षांपूर्वी स्वस्तात घेतलेले शेअर असे गेले, तर साध्या खात्यात सगळ्या जुन्या नफ्यावर एकदम कर बसतो. असे शेअर कॉलखाली ठेवूच नयेत. फंड निर्देशांकाचे ऑप्शन विकतो, त्यांचा निपटारा मुदतीअंती रोखीने होतो. ही कटकट तिथे नाही. त्याबद्दल तो वर्षाला सुमारे 0.6 टक्के घेतो.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. फंड असो की स्वतःचा उद्योग, वर्षाच्या शेवटी तीन आकडे लिहा : सुरुवातीचा भाव, शेवटचा भाव, हातात आलेली रक्कम. शेवटचे दोन मिळवून त्यांतून पहिला वजा करा. जे उरेल ती कमाई. हातात आलेली रक्कम त्याहून मोठी असेल, तर वरचा फरक आपण मुद्दलातून खाल्ला. निवृत्तीत मुद्दल खाणं हा दोष नव्हे, त्यासाठीच ते साठवलेलं असतं. पण मग ते किती वर्षं पुरेल हा हिशेब करावा लागतो, आणि 'उत्पन्न' म्हटलं की नेमका तोच राहून जातो.