पॉलिडिस्पर्सिटीचा आकडा आणि आलेखाची शेपटी

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज आणि चिकलठाणा औद्योगिक वसाहतींत गरवारे हाय-टेक फिल्म्सचे कारखाने आहेत. तिथे पॉलिएस्टरची, म्हणजे पीईटीची फिल्म बनते. फिल्म ताणून रुंद केल्यावर दोन्ही कडा कापाव्या लागतात. ही कात्रणं वितळवून पुन्हा वापरायची, ही या धंद्यातली सर्वत्र चालणारी पद्धत. प्रश्न एकच असतो: पुन्हा वितळवल्यावर प्लॅस्टिकच्या साखळ्या किती तुटल्या?

पीईटीचा शत्रू म्हणजे ओलावा. वितळलेल्या अवस्थेत पाण्याचा एक रेणू साखळीतला एक बंध तोडतो आणि एका साखळीच्या दोन होतात. समजा, साखळ्यांचं सरासरी रेणुवजन 20,000 आहे. म्हणजे 20 किलो मालात एक मोल साखळ्या. त्यात दशलक्षात 100 भाग ओलावा राहिला, तर पाणी झालं 2 ग्रॅम. 18 ग्रॅम म्हणजे एक मोल, तेव्हा हे मोलचा नववा हिस्सा. सगळं पाणी कामी आलं, तर नऊ साखळ्यांच्या दहा होतात आणि सरासरी 18,000 वर येते.

ही झाली संख्या-सरासरी, Mn: एकूण वजन भागिले साखळ्यांची संख्या. छोटी असो की लांबलचक, प्रत्येक साखळीला इथे एकच मत. वजन-सरासरीत, Mw मध्ये, प्रत्येक साखळीचं मत तिच्या वजनाइतकं, म्हणून लांब साखळ्यांचा आवाज मोठा. Mw भागिले Mn म्हणजे पॉलिडिस्पर्सिटी इंडेक्स. पीईटीसारख्या मालात तो साधारण 2 असतो. आपल्या उदाहरणात Mw 40,000 वरून 36,000 वर येतो, पण इंडेक्स 2 चा 2 च राहतो, कारण साखळ्या कुठेही, योगायोगाने तुटतात. नुसता इंडेक्स पाहणाऱ्याला माल बिघडल्याचा पत्ताच लागत नाही.

म्हणून पूर्ण आलेख पाहायचा. तो काढणारं यंत्र म्हणजे जेल परमिएशन क्रोमॅटोग्राफ. डाऊ केमिकलच्या जॉन मूर यांनी 1964 मध्ये ही पद्धत मांडली. नमुना द्रावकात विरघळवून सच्छिद्र जेलच्या कणांनी भरलेल्या कॉलममधून पंपाने ढकलतात. छोट्या साखळ्या छिद्रांत शिरून रेंगाळतात. मोठ्यांना आत जागाच नसते, त्या आधी बाहेर पडतात. म्हणून आलेखात डावीकडे मोठ्या आणि उजवीकडे छोट्या. पीईटी टेट्राहायड्रोफ्युरानसारख्या नेहमीच्या द्रावकात विरघळत नाही. त्यासाठी हेक्साफ्लुओरोआयसोप्रोपेनॉल हा महागडा द्रावक लागतो. वेळेवरून रेणुवजन काढण्यासाठी बहुधा ॲक्रिलिकचे माहीत वजनाचे नमुने आधी चालवतात. त्यामुळे येणारा आकडा ॲक्रिलिकच्या मापातला असतो. दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्याशी त्याची थेट तुलना करू नये.

डिटेक्टर सहसा अपवर्तनांक मोजतो, म्हणून आलेखाची उंची त्या क्षणी बाहेर पडलेल्या मालाचं वजन सांगते, साखळ्यांची संख्या नव्हे. उंची h आणि रेणुवजन M धरलं, तर हिशेब असा:

Mw = Σ(h·M) ÷ Σh
Mn = Σh ÷ Σ(h/M)

सोपं करण्यासाठी आलेखाच्या तीनच फाका घेऊ: उंची 1, 2, 1 आणि रेणुवजनं 80,000, 40,000, 10,000. Mw येतो 42,500, Mn सुमारे 24,600, इंडेक्स 1.7.

आता उजव्या टोकाला पाहा. पीईटीत दोन-तीन टक्के छोटी कड्यांसारखी रेणूवलयं स्वभावतःच असतात. त्यांतलं मुख्य वलय तीन घटकांचं, रेणुवजन 576. आलेखात त्याचा छोटासा उंचवटा दिसतो. त्याला 0.1 उंची देऊन हिशेबात घेतलं, तर Mw होतो 41,500, म्हणजे जेमतेम हलला. Mn मात्र 12,200 वर, निम्म्यावर येतो आणि इंडेक्स 3.4 वर चढतो. माल तोच, आलेख तोच. फरक फक्त विश्लेषकाने शेपटीची हद्द कुठे आखली, एवढाच. बेसलाइन किंचित तिरपी ओढली तरी असाच घोळ होतो. म्हणून Mn चा अहवाल हाती आला की पहिला प्रश्न विचारावा: मोजणी कुठे थांबवली?

कात्रणाचा न्याय करायचा तर कात्रण आणि नवा माल एकाच दिवशी, एकाच कॉलमवर चालवावा. दोन्हींना तीच बेसलाइन, तीच हद्द द्यावी, क्षेत्रफळं सारखी करून आलेख एकमेकांवर ठेवावेत. सगळा डोंगर उजवीकडे सरकला, तर साखळ्या तुटल्या आहेत, म्हणजे बहुधा वाळवणीत कसर राहिली. डोंगर जागच्या जागी आणि फक्त शेवटचा उंचवटा वाढला, तर वलयं वाढली आहेत. डावीकडे खांदा फुटला, तर साखळ्या एकमेकींना जुळल्या आहेत.

पण त्या इतक्या जुळल्या असतील की विरघळतच नाहीत, तर यंत्राला त्या दिसणार नाहीत. द्रावण कॉलममध्ये जाण्याआधी गाळलं जातं आणि अशी गाठ गाळणीवरच अडकते. फिल्ममधल्या गाठींबद्दल तक्रार आली, तर निर्दोष आलेख हा पुरावा नव्हे. तिथे फिल्म उजेडासमोर धरून पाहावी लागते.