बारा हजार वाचले नाहीत, अठरा हजार जास्त गेले

प्रति, मॅनेजर साहेब
विषय: गढा युनिटचा ऑक्टोबरचा ओव्हरहेड

साहेब, ऑक्टोबरचं ओव्हरहेडचं बजेट 5,60,000 रुपये होतं आणि खर्च 5,48,000 झाला. बैठकीत सगळ्यांनी बारा हजार वाचले असंच धरलं. तो आकडा तसा वाचणं चुकीचं आहे, आणि त्यावरून पुढचे निर्णय होण्याआधी हे लिहून देतो.

5,60,000 चं बजेट 8,000 सलवार-सूट शिवले जातील असं धरून केलेलं होतं. एका सूटला कटिंगपासून पॅकिंगपर्यंत एक तास, म्हणजे 8,000 तास. दसरा-दिवाळीच्या सुट्ट्यांमुळे शिवून झाले 7,000. कमी माल काढला की वीज, सुई-दोरा, मशीनचं तेल हे कमी लागणारच. त्याला बचत म्हणता येत नाही. म्हणून तुलना 7,000 सूटांच्या बजेटशी करायला हवी. बदलता खर्च तासाला 30 रुपये, म्हणजे 2,10,000. भाडं, सुपरवायझरचा पगार, चौकीदार, विमा असा स्थिर खर्च 3,20,000. बेरीज 5,30,000. या मापाने आपण 18,000 रुपये जास्त खर्च केले आहेत.

दुसरा समज, हे अठरा हजार डिझेलने खाल्ले. डिझेलचा वाटा आहे, पण सगळा नाही. बदलता खर्च 2,24,500 झाला, म्हणजे 14,500 जास्त. कारागिरांनी 7,000 सूटांना 7,200 तास लावले, कारण एका लॉटच्या कापडाचा रंग सारखा नव्हता आणि बरेच सूट उसवून पुन्हा शिवावे लागले. जादा 200 तासांचे, तासाला 30 प्रमाणे, 6,000 रुपये होतात. हे पैसे वीज आणि दोऱ्याच्या खात्यात दिसतात, पण त्यांचं मूळ कापड तपासून न घेण्यात आहे. दोरा जपून वापरा असं कारागिरांना सांगून हे 6,000 परत येणार नाहीत. राहिलेले 8,500 बहुतेक जनरेटरचे. ट्रान्सफॉर्मर बिघडला त्या आठवड्याच्या डिझेलच्या पावत्या फाईलला लावल्या आहेत. डिझेल जीएसटीच्या बाहेर असल्याने त्यावर क्रेडिटही मिळत नाही, पूर्ण रक्कम खर्चातच पडते. इथे एक सांगायला हवं: डिझेल शिलाईच्या तासांवर नाही, वीज जाण्यावर अवलंबून असतं. तासांच्या दरात ते बसवलं आहे ती आपली सोय आहे, त्यामुळे 6,000 आणि 8,500 ही वाटणी ढोबळच समजावी.

उरलेले 3,500 स्थिर खर्चातले. स्थिर असून वाढला कसा, हे तुम्ही विचारलंच होतं. उत्पादन कमी-जास्त झालं तरी जो हलत नाही तो स्थिर खर्च; दर बदलले की तोही बदलतो. मध्य प्रदेशात किमान वेतनातला महागाई भत्ता एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये सुधारला जातो, आणि चौकीदारांच्या एजन्सीने नवं बिल त्याप्रमाणेच लावलं. यात कुणाची उधळपट्टी नाही. बजेट करताना ही वाढ धरायची राहिली, एवढंच.

आता 58,000 चा आकडा, ज्यावरून बैठकीत सगळ्यात जास्त गोंधळ झाला. प्रत्येक सूटवर आपण 70 रुपये ओव्हरहेड चढवतो: 30 बदलते, 40 स्थिर. 7,000 सूटांवर 4,90,000 चढले, खर्च 5,48,000, म्हणून 58,000 मालावर चढायचे राहिले. पण हे 58,000 जादा खर्च झालेले नाहीत. त्यातले 18,000 वर आलेच आहेत. बाकीचे 40,000 म्हणजे न शिवलेल्या हजार सूटांचे प्रत्येकी 40 रुपये. भाडं आणि पगार ठरलेलेच होते. तेवढे पैसे जाणारच होते, ते वाटून घ्यायला माल कमी पडला. यासाठी शिलाई विभागाकडे खुलासा मागू नये असं मला वाटतं. सुट्ट्यांचं नियोजन आणि ऑर्डर हा विषय आपल्या टेबलावरचा आहे.

हे 58,000 गोदामात पडलेल्या सूटांच्या किमतीत घालून टाका, अशीही एक सूचना आली. तसं करता येणार नाही. लेखा मानक 2 प्रमाणे स्थिर उत्पादन ओव्हरहेड नेहमीच्या क्षमतेच्या हिशेबाने मालावर चढवायचा असतो. उत्पादन कमी झालं म्हणून प्रत्येक सूटचा वाटा वाढवता येत नाही. न चढलेली रक्कम त्याच काळाच्या खर्चात जाते. उसवून पुन्हा शिवण्याचा खर्च नेहमीपेक्षा जास्त असेल तर तोही तिथेच जातो. नाहीतर गोदामातला साठा कागदावर महाग दिसेल आणि ऑक्टोबरचा नफा खोटा फुगेल.

नोव्हेंबरच्या बजेटात चौकीदारांचा नवा दर धरला आहे. डिझेल तासांच्या दरातून काढून वेगळ्या ओळीत ठेवायचं आहे. त्याला तुमची मंजुरी हवी. रंग न जुळलेल्या लॉटची डेबिट नोट व्यापाऱ्याला पाठवायची की नाही, हे कृपया या आठवड्यात कळवावं, म्हणजे पुन्हा शिवण्याच्या 200 तासांची मजुरीही तीत धरता येईल.

आपला,
कनिष्ठ लेखापाल