सावलीवरून मनोऱ्याची उंची

भास्कराचार्यांच्या 1150 मधल्या 'लीलावती'त सावलीच्या गणितांना स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे उभी काठी, वापरतात. हीच रीत सोलापुरातल्या एखाद्या टोकदार मनोऱ्याला लावून पाहू.

समजा, काठीची सावली सोळा अंगुळं पडली आणि त्याच क्षणी मनोऱ्याची 24 मीटर. सूर्यकिरण जवळजवळ समांतर असल्याने दोन्ही त्रिकोण समरूप होतात. म्हणून उंची 24 × 12 ÷ 16, म्हणजे 18 मीटर. सावली मात्र टोकाच्या अगदी खालच्या बिंदूपासून मोजावी. तो बिंदू मनोऱ्याच्या आत असतो, म्हणून भिंतीपासून मोजलेल्या लांबीत पायाची अर्धी रुंदी मिळवावी लागते.

आता कर्ण काढू. 18 आणि 24 यांच्या वर्गांची बेरीज 900, म्हणून टोकापासून सावलीच्या टोकापर्यंतचं अंतर 30 मीटर. सूर्यबिंब सुमारे अर्धा अंश रुंद दिसतं. त्यामुळे इतक्या अंतरावर सावलीची कड जमिनीवर जवळजवळ 45 सेंटिमीटर पुसट होते. या पट्ट्याचा मध्य धरला, तर चूक बरीच घटते.

सोलापूरचे अक्षांश सुमारे 17.7 अंश आहेत. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि ऑगस्टच्या सुरुवातीला मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येतो. तेव्हा सावली पायाशीच दडते आणि मोजायला काही उरत नाही. त्या दिवसांत सकाळी किंवा दुपार कलल्यावर मोजावं.