स्लॅब भरण्याआधीच आलेला हप्ता

पुण्याच्या एका उपनगरात साठ लाखांचा फ्लॅट घेतलेल्या माझ्या ओळखीच्या जोडप्याला जुलैच्या पहिल्या आठवड्यात बिल्डरचं डिमांड लेटर आलं. सातवा आणि आठवा स्लॅब पूर्ण झाला आहे, दोन्हींचे मिळून तीन लाख आणि त्यावर पाच टक्के जीएसटी असे ३,१५,००० रुपये १५ दिवसांत भरावेत, असं त्यात होतं. रविवारी दोघं साइटवर गेली. सातवा स्लॅब भरलेला होता. आठव्यावर मात्र शटरिंग लावून सळया बांधणं चालू होतं. घरी येऊन त्यांनी रागाच्या भरात पत्र लिहिलं आणि पाठवण्यापूर्वी मला दाखवलं.

पत्र दोन पानी होतं. सुरुवात अशी: ‘आपण ग्राहकांची सरळसरळ फसवणूक करत असून कोणताही स्लॅब पूर्ण नसताना पैसे मागत आहात. आम्ही एक रुपयाही भरणार नाही. रेरामध्ये तक्रार करू.’ पुढे पार्किंग, क्लब हाउस, फोन न उचलणारी सेल्सची मुलगी, ताबा कधी मिळणार, असं सगळं आलं होतं.

यातलं पहिलंच वाक्य त्यांच्या अंगाशी आलं असतं. सातवा स्लॅब भरला आहे, म्हणजे त्याचे दीड लाख देणं लागतात. ‘कोणताही स्लॅब पूर्ण नाही’ हे खोटं ठरलं की आठव्याबद्दलचं खरंही कोणी ऐकत नाही. ‘एक रुपयाही भरणार नाही’ या वाक्याचा तर बिल्डरलाच उपयोग होतो. रेरा कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ठरल्या वेळी हप्ता भरणं ही खरेदीदाराची जबाबदारी आहे. उशीर झाल्यास व्याज लागतं आणि महाराष्ट्रात त्याचा दर स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर अधिक दोन टक्के असा आहे. महाराष्ट्राच्या नमुना करारात तीन हप्ते थकल्यावर नोटीस देऊन करार रद्द करण्याची मुभाही बिल्डरला दिलेली आहे. म्हणून पत्रात सगळ्यात आधी हे दिसायला हवं की आम्ही हप्ता थकवत नाही, फक्त न झालेल्या कामाचा हप्ता अजून देय झालेला नाही.

तो देय झाला की नाही हे ठरवायचं नोंदवलेल्या कराराच्या परिशिष्टावरून. नमुना करारात टप्प्यांच्या कमाल मर्यादा दिल्या आहेत: करारानंतर ३० टक्क्यांपर्यंत, जोतं पूर्ण झाल्यावर ४५ टक्क्यांपर्यंत, सगळे स्लॅब झाल्यावर ७० टक्क्यांपर्यंत. म्हणजे स्लॅबचे पंचवीस टक्के. या इमारतीला दहा स्लॅब, म्हणून एकेकाचे अडीच टक्के, दीड लाख रुपये. आमच्या जोडप्याच्या परिशिष्टात ‘आठवा स्लॅब पूर्ण झाल्यावर’ असे शब्द होते, म्हणून पत्राला पाया होता. काही करारांत ‘काम सुरू होताच’ असं लिहिलेलं असतं. तसं असेल तर हे पत्र चालत नाही. तिथे वाद मुळात त्या अटीवरच घालावा लागतो, आणि तो वकिलाला विचारून घातलेला बरा.

दुसरी खाच स्लॅबच्या क्रमांकाची. खाली पार्किंगचे पोडियम असतील तर त्यांचे स्लॅब मोजणीत धरले आहेत की नाही? खरेदीदार राहण्याचे मजले मोजतो, बिल्डर जमिनीपासून मोजतो, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. त्यामुळे ‘आठवा स्लॅब झालेला नाही’ असं ठोकून देण्याआधी, आठवा म्हणजे नेमका कोणत्या मजल्याचं छत, हे पत्रातच विचारून घ्यावं. उलट, काँक्रीट ओतून झालं असेल तर ‘शटरिंग अजून काढलेलं नाही, म्हणजे स्लॅब अपूर्ण’ असा वाद मी घालणार नाही. करारात तसं लिहिलेलं नसतं आणि काँक्रीट भरलं की स्लॅब झाला असंच धरतात.

पुराव्यासाठी रस्त्यावरून काढलेले तारखेचे फोटो पुरतात, मात्र विंग ओळखू आली पाहिजे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर आर्किटेक्टचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १, असतं. त्यात प्रत्येक इमारतीचं कोणतं काम किती टक्के झालं ते दिलेलं असतं. पण ती माहिती तिमाही असते, आजची नव्हे. त्यामुळे त्याच्यावर सगळी भिस्त ठेवू नये. आठव्या स्लॅबपुरतं तारीख घातलेलं प्रमाणपत्र थेट मागावं.

एवढं ठरल्यावर पत्रात राहिलं ते असं:

‘विषय: आपल्या ३ जुलैच्या मागणीपत्रातील आठव्या स्लॅबचा हप्ता.

महोदय,
सातव्या स्लॅबचे १,५०,००० रुपये व त्यावरील जीएसटी ७,५०० रुपये आम्ही एक टक्का टीडीएस कापून मुदतीत भरत आहोत.

आठव्या स्लॅबचा हप्ता कराराच्या परिशिष्टानुसार तो स्लॅब पूर्ण झाल्यावर देय होतो. ६ जुलै रोजी बी विंगमध्ये सातव्या स्लॅबच्या वरच्या छताचे शटरिंग व सळया बांधण्याचे काम चालू होते, काँक्रीट भरलेले नव्हते. फोटो जोडले आहेत. आपल्या मोजणीनुसार आठवा स्लॅब वेगळा असल्यास तो कोणत्या मजल्याचे छत आहे हे कळवावे.

स्लॅब पूर्ण झाल्याचे आर्किटेक्टचे तारखेसह प्रमाणपत्र व सुधारित मागणीपत्र पाठवावे. ते मिळाल्यापासून करारातील मुदतीत आम्ही रक्कम भरू. तोपर्यंत या रकमेवर व्याज लावू नये. करारातील व कायद्यातील आमचे हक्क राखून हे पत्र लिहीत आहोत.’

पार्किंग, क्लब हाउस आणि ताबा बाहेर गेले. ते विषय खोटे होते म्हणून नाही. उत्तर देणारा माणूस नेहमी सोप्या प्रश्नाचं उत्तर देतो आणि अवघड सोडून देतो, म्हणून. ‘फसवणूक’ हा शब्दही गेला. मागणीपत्रं पुष्कळदा ऑफिसातल्या वेळापत्रकावरून निघतात, साइट इंजिनिअरला न विचारताच. हेतू सिद्ध करायच्या फंदात पडायची गरज नाही, तारीख सिद्ध झाली की काम होतं. रेराची धमकी काढली, तरी कलम ३१ खाली तक्रार करण्याचा मार्ग उघडाच राहतो, आणि पुढे तिथे हेच पत्र जोडायचं असतं.

पत्र मुदत संपायच्या आत, करारात नोटिशीसाठी दिलेल्या पत्त्यावर पोचपावतीसह टपालाने आणि ईमेलनेही गेलं पाहिजे. व्हॉट्सॲपवर सेल्सच्या माणसाला पाठवून भागत नाही. कर्ज असेल तर एक प्रत बँकेला. घराच्या कर्जाची रक्कम बांधकामाच्या टप्प्यांशी जोडूनच द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सांगितलं आहे. पण डिमांड लेटर आणि तुमची सही दिसली की शाखेतून चेक निघू शकतो, आणि मग न भरलेल्या स्लॅबवर व्याज तुम्ही भरत बसता. म्हणून आठव्या स्लॅबच्या रकमेच्या विनंतीवर सही करू नये, आणि बँकेच्या तांत्रिक तपासनिसाला साइट पाहायला सांगावं.

चौथ्या दिवशी बाईंना बिल्डरच्या ऑफिसातून फोन आला: ‘मॅडम, आठवडाभरात स्लॅब भरतोय, तुम्ही भरून टाका की.’ त्यांनी संध्याकाळी एक ओळीची ईमेल केली: ‘आज फोनवर आपण आठवा स्लॅब अजून भरायचा असल्याचे सांगितलेत, तो झाल्यावर प्रमाणपत्र पाठवावे, आम्ही पैसे तयार ठेवले आहेत.’