टायरचे किलोमीटर आणि आपले किलोमीटर

टायरच्या दुकानात आपल्यासमोर तीन टायर उभे केले जातात. एक स्वस्त, एक मधला, एक महाग. मग दुकानदार महागाच्या टायरवर थाप मारून म्हणतो, "ताई, हा घ्या. जास्त पैसे दिलेत तर जास्त चालेल." माझ्या बहिणीला तो हेच म्हणाला. तिच्यासोबत तिचे सासरेही होते, त्यांच्या गाडीचेही टायर बदलायचे होते. दोघांच्या छोट्या हॅचबॅक, टायरचं मापही एकच. तरीही दोघांसाठी योग्य उत्तर वेगळं निघालं. ते कसं, हे सांगण्यासाठी हा हिशेब.

हिशेब साधा आहे. चार टायर बसवून गाडी रस्त्यावर येईपर्यंतचा एकूण खर्च, भागिले ते टायर जितके किलोमीटर चालतील ते. खर्चात नुसती टायरची किंमत धरायची नाही. नवे व्हॉल्व्ह, बसवणावळ, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट हे सगळं त्यात येतं. समजा हा वरखर्च चौघांचा मिळून १,४०० रुपये. स्वस्त टायर ३,३०० चा, मधला ४,३०० चा आणि महाग ६,००० चा धरला, तर संच अनुक्रमे १४,६००, १८,६०० आणि २५,४०० रुपयांना पडतात. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या मापाचे भाव आपण घालायचे.

खरी अडचण भाजकात असते. टायर किती चालेल? दुकानदार सांगतो तो आकडा बहुधा हायवेवर धावणाऱ्या गाडीचा असतो. शहरात दर चौकात ब्रेक, दर वळणावर स्टिअरिंगची पिळवट, त्यामुळे रबर लवकर घासतं. आपला आकडा आपणच काढावा, आणि ते अवघड नाही. खाचांची खोली मोजायची छोटी पट्टी बाजारात स्वस्तात मिळते. नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात. बहिणीच्या जुन्या, स्वस्त टायरची खोली बसवल्यापासून १२,००० किलोमीटरनंतर तिने मोजून ठेवली होती: सरासरी ६ मिलिमीटर. म्हणजे १ मिलिमीटर झिजायला ६,००० किलोमीटर लागले.

आता टायर कधी काढायचा? नियमाप्रमाणे कारच्या टायरची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. खाचांच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे घासल्या पृष्ठभागाच्या रांगेत आले, की ती वेळ आली असं समजायचं. पण पावसाळ्यात पाणी खाचांतूनच बाहेर फेकलं जातं. खाच उथळ झाली की पाणी टायरखाली साचतं आणि ब्रेक दाबूनही गाडी पुढे सरकत राहते. म्हणून आपल्याकडच्या पावसात ३ मिलिमीटरवरच टायर बदलणं शहाणपणाचं. म्हणजे वापरायला मिळतात ५ मिलिमीटर, आणि बहिणीच्या हिशेबाने ३०,००० किलोमीटर. याच पद्धतीने मधल्या टायरचे ४२,००० आणि महागाचे ५०,००० किलोमीटर धरू.

बहिणीचं घर कोथरूडला, ऑफिस हिंजवडीला. सुट्टीच्या दिवसाची भटकंती धरून गाडी वर्षाला १२,००० किलोमीटर चालते. तिचा दर असा निघाला: स्वस्त टायर किलोमीटरला ४९ पैसे, मधला ४४ पैसे, महाग ५१ पैसे. म्हणजे सर्वांत स्वस्त दिसणारा टायर सर्वांत स्वस्त नाहीच, आणि महागही जास्त चालून आपले पैसे वसूल करून देत नाही. मधला टायर जिंकतो, कारण एक हजार रुपये जास्त घेऊन तो १२,००० किलोमीटर जास्त देतो. महाग टायर त्यावर आणखी सतराशे रुपये घेतो आणि फक्त ८,००० वाढवतो.

सासऱ्यांचं तसं नाही. ते शिवाजीनगरला जातात, बाजारहाट करतात. वर्षाला ६,००० किलोमीटरच्या वर गाडी जात नाही. महाग टायर ५०,००० चालायचा, तर त्यांना आठ वर्षांहून जास्त लागतील. तोवर रबर थांबत नाही. ऊन, उष्णता आणि नुसतं उभं राहणं यांनीही ते कडक होत जातं, साइडवॉलला बारीक भेगा पडतात आणि ओल्या रस्त्यावर पकड सुटते. खाचा खोल दिसत असल्या तरी. पाच वर्षांनंतर दर वर्षी टायर तपासून घ्यावा आणि साधारण सहाव्या वर्षी बदलावा, असा बेत धरला, तर त्यांना जास्तीत जास्त ३६,००० किलोमीटर मिळतात. तेवढ्यात स्वस्त टायरचे ३०,००० पूर्ण वसूल होतात, पण मधल्याचे सहा आणि महागाचे चौदा हजार किलोमीटर भंगारात जातात. दर होतात ४९, ५२ आणि ७१ पैसे. भागायला टायरची ताकद घ्यायची नसते. टायरची ताकद आणि आपलं धावणं यांतलं जे आधी संपेल ते घ्यायचं.

मग महाग टायर घ्यायचाच नाही का? घ्यावा, पण कशासाठी ते माहीत असू द्यावं. चांगल्या महाग टायरचं रबर ओल्या रस्त्यावर बहुधा लवकर थांबतं, आवाजही कमी करतं. सासऱ्यांच्या बाबतीत मधल्यापेक्षा १९ पैसे जास्त, म्हणजे वर्षाला साधारण ११४० रुपये. हे पैसे टिकाऊपणासाठी जात नाहीत, पावसातल्या ब्रेकसाठी जातात. त्यासाठी ते द्यायचे की नाही, हा प्रश्न आता स्पष्ट विचारता येतो.

इंधनाचं पारडंही थोडं हलतं. पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि शहरात १५ किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज धरलं, तर किलोमीटरला जवळपास ७ रुपये जातात. त्यातला एक टक्का वाचला तर ७ पैसे. बहिणीच्या हिशेबात मधला आणि महाग यांतलं अंतर नेमकं तेवढंच आहे. म्हणून ज्या टायरला ऊर्जा बचतीचे जास्त तारे आहेत, त्याचा विचार जास्त धावणाऱ्याने जरूर करावा. पण हवा कमी ठेवली तर तीच बचत उलटी होते, शिवाय टायर दोन्ही कडांनी झिजतो.

दोन गोष्टी मात्र सगळा हिशेब उधळू शकतात. एक, अलाइनमेंट बिघडलेलं असेल तर नवा टायरही आतल्या कडेने हजारो किलोमीटर आधीच गुळगुळीत होतो. तळहात आडवा फिरवला की एका बाजूला रबर टोचतं, दुसरीकडे सरकतं. दुसरी गोष्ट म्हणजे खड्डा. साइडवॉलला फुगा आला की खाचा कितीही शिल्लक असोत, टायर संपला. त्याचा धोका तिघांनाही असतो, पण बुडणारी रक्कम महागात मोठी असते.

बहिणीने मधले टायर घेतले. सासऱ्यांनीही मधलेच पाहिले, पण आधी बाजूचे शेवटचे चार आकडे वाचले. २३२४ लिहिलं असेल तर टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. दुकानातला पहिला संच दीड वर्षं जुना निघाला. सहा वर्षांतली दीड गेली, म्हणजे त्यांच्या ३६,००० चे २७,००० झाले असते. मग मधल्या टायरचा दर ५२ वरून ६९ पैशांवर गेला असता. त्यांनी तो परत ठेवायला सांगितला आणि ताज्या तारखेचा संच मागवला.