सेव्ह केलेल्या कार्डामागे काय साठवलेलं असतं?

पैशांचा प्रवास : भाग ६

ऑनलाइन दुकानात पैसे भरायच्या पानावर आपलं सेव्ह केलेलं कार्ड दिसतं. आधी बँकेचं नाव, मग ठिपक्यांची रांग आणि शेवटी चार आकडे. उरलेले बारा आकडे त्या ठिपक्यांच्या मागे दुकानाने झाकून ठेवले असतील, असं बहुतेकांना वाटतं. भारतात दिलेल्या कार्डांच्या बाबतीत आता तसं नाही. ते बारा आकडे दुकानाकडे नसतातच.

रिझर्व्ह बँकेने ७ सप्टेंबर २०२१ च्या परिपत्रकात हा नियम स्पष्ट केला. कार्डाचा खरा नंबर साठवायचा अधिकार फक्त दोघांना आहे. एक, कार्ड देणारी बँक. दुसरं, व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांच्यासारखं कार्ड नेटवर्क. दुकान आणि त्याच्या वतीने पैसे गोळा करणारा पेमेंट अ‍ॅग्रिगेटर यांना हिशेब जुळवण्यापुरते शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव ठेवता येतं. नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू व्हायचा होता. दुकानं, बँका आणि नेटवर्क या सगळ्यांना एकाच वेळी नवी यंत्रणा जोडायची असल्यामुळे मुदत आधी ३० जून आणि मग ३० सप्टेंबर २०२२ पर्यंत वाढली. १ ऑक्टोबर २०२२ पासून तो अमलात आला.

नंबर जवळ ठेवायचा नाही, तरी पुढच्या खरेदीला तो ग्राहकाकडून पुन्हा टाइप करून घ्यायचा नाही, हे जमतं ते नेटवर्क टोकनमुळे. पण त्याआधी एक प्रश्न सोडवायला हवा. नंबर कूटबद्ध करून ठेवला असता तर चाललं नसतं का?

चाललं नसतं, आणि याचं कारण कार्डनंबरच्या रचनेतच आहे. कूटबद्ध नंबर पैसे कापताना पुन्हा उलगडावा लागतो, म्हणजे त्याची किल्लीही दुकानाच्याच यंत्रणेत कुठेतरी असते. आत शिरलेल्या चोराला दोन्ही मिळू शकतात. दुसरा मार्ग हॅशचा. नंबरवर ठरावीक गणित करून त्याचा एक ठसा काढायचा आणि फक्त तो ठेवायचा. ठशावरून उलटं गणित करून नंबर काढता येत नाही, म्हणून हा उपाय भक्कम वाटतो.

पण चोराला उलटं जायची गरजच नसते. सोळा आकडी नंबरातले पहिले सहा आकडे बँक आणि कार्डाचा प्रकार सांगतात आणि ते गुप्त नसतात. शेवटचे चार तर पावतीवरच छापलेले असतात. दहा आकडे कळले, सहा उरले. सहा आकड्यांच्या जुळण्या होतात दहा लाख. त्यातही प्रत्येक कार्डनंबर एका साध्या पडताळ्यातून पास व्हावा लागतो. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक आकडे दुप्पट करायचे (दुप्पट दोन आकडी आली तर त्यातून नऊ वजा करायचे), उरलेले तसेच घ्यायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. तिला दहाने पूर्ण भाग गेला पाहिजे. चाचण्यांसाठी सर्रास वापरला जाणारा ४१११ ११११ ११११ ११११ हा नंबर घ्या. दुप्पट केलेल्या चाराचे आठ, दुप्पट केलेल्या सात एकांचे चौदा आणि तसेच घेतलेले आठ एक, मिळून तीस. हा पडताळा लावला की दहा लाखांतले नऊ लाख पर्याय बाद होतात. राहिलेल्या एक लाख नंबरांचे ठसे काढून चोरलेल्या ठशाशी ताडून पाहायला साध्या लॅपटॉपलाही क्षणभर पुरतो. ठसा काढताना त्यात गुप्त किल्ली मिसळली तर हे अवघड होतं, पण मग ती किल्ली कुठे ठेवायची हा जुनाच प्रश्न परत येतो.

नंबरपासून गणिताने तयार झालेली कुठलीही वस्तू दुकानात ठेवली की धोका थोडाफार उरतोच. म्हणून टोकन नंबरपासून तयार होत नाही. ते स्वतंत्रपणे निवडलं जातं आणि नंबराशी त्याची जोडी फक्त नेटवर्ककडच्या नोंदवहीत असते. या नोंदवहीला व्हॉल्ट म्हणतात. मंदिराबाहेरच्या चप्पल स्टँडवर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखंच हे. बिल्ल्यावरच्या आकड्यावरून चप्पल कसली आहे ते कळत नाही, कारण त्या दोघांचा संबंध स्टँडवाल्याच्या फळीवरच असतो. पण तुमचा बिल्ला सापडलेला कुणीही तुमची चप्पल घेऊन जाऊ शकतो. टोकनमध्ये त्याचाही बंदोबस्त आहे.

एक व्यवहार पाहू. ठाण्यातल्या एका बाई सोलापुरी चादरी विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातून १,८४० रुपयांची खरेदी करत आहेत, अशी कल्पना करा. त्या कार्डनंबर, मुदत आणि सीव्हीव्ही टाइप करतात आणि कार्ड सेव्ह करायच्या चौकटीत टिक करतात. ही टिक त्यांनी स्वतः करायला हवी, दुकानाने आधीच करून ठेवलेली चालत नाही. मग बँकेचा ओटीपी येतो. या एकाच ओटीपीने खरेदी आणि टोकनला संमती अशी दोन्ही कामं होऊ शकतात.

आता पडद्यामागे अ‍ॅग्रिगेटर नेटवर्ककडे टोकन मागतो. मागताना तो स्वतःची ओळख आणि दुकानाची ओळख, दोन्ही सांगतो. नेटवर्क कार्ड देणाऱ्या बँकेला विचारतं. बँकेचा होकार आला की नेटवर्क एक सोळा आकडी टोकन काढतं, व्हॉल्टमध्ये जोडी नोंदवतं आणि टोकन परत पाठवतं. त्या टोकनला स्वतःची वेगळी मुदतही असते. टोकन दिसायला कार्डनंबरसारखंच असतं, वरचा पडताळाही पास करतं. हे मुद्दाम केलेलं आहे. दुकानापासून नेटवर्कपर्यंतच्या साऱ्या यंत्रणा कार्डनंबराच्या साच्यावर बांधलेल्या आहेत आणि त्या बदलाव्या लागू नयेत, म्हणून टोकनही त्याच साच्यात बसवलेलं आहे. ते टोकन आहे हे नेटवर्कला सुरुवातीच्या आकड्यांवरून कळतं, कारण ते आकडे टोकनसाठीच राखून ठेवलेले असतात.

हे टोकन तीन गोष्टींशी बांधलेलं आहे: ते कार्ड, ते दुकान आणि टोकन मागणारा तो अ‍ॅग्रिगेटर. त्याच बाईंनी तेच कार्ड औषधांच्या ऑनलाइन दुकानात सेव्ह केलं, तर तिथे पूर्ण वेगळं टोकन निघेल. पडद्यावर मात्र दोन्हीकडे शेवटचे चार आकडे सारखेच दिसतील, कारण ते खऱ्या कार्डाचे असतात. टोकनचे शेवटचे चार आकडे वेगळे असतात, पण ते आपल्याला दाखवले जात नाहीत.

पुढच्या महिन्यात बाई त्याच दुकानातून ६२० रुपयांचे टॉवेल घेतात आणि सेव्ह केलेलं कार्ड निवडतात. अ‍ॅग्रिगेटर नेटवर्ककडून त्या एका व्यवहारापुरता क्रिप्टोग्राम मागतो. हा एकदाच चालणारा संकेत, आणि बिल्ला सापडणाऱ्या माणसावरचा इलाज तो हाच. टोकन आणि क्रिप्टोग्राम मिळून दुकानाच्या बँकेकडून नेटवर्ककडे जातात. नेटवर्क तीन गोष्टी तपासतं. क्रिप्टोग्राम खरा आहे का, तो आधी वापरला गेला आहे का आणि ज्या दुकानासाठी टोकन दिलं होतं तिथूनच मागणी आली आहे का. तिन्ही जुळलं की ते व्हॉल्टमधून खरा नंबर काढून बाईंच्या बँकेकडे मंजुरी मागतं. उत्तर परत जाताना नंबरच्या जागी पुन्हा टोकन बसतं. चादरीचा परतावा द्यायचा झाला तरी दुकान टोकनच पाठवतं आणि पैसे त्याच कार्डावर येतात. अनेक दुकानांत दुसऱ्या खेपेला सीव्हीव्ही मागत नाहीत तेही यामुळेच. सीव्हीव्हीचं काम इथे क्रिप्टोग्राम करतो. ओटीपी मात्र लागतो.

समजा, या दुकानाचा सगळा डेटा चोरीला गेला. चोराने टोकन कार्डनंबर म्हणून दुसऱ्या साइटवर टाकलं, तर सोबत क्रिप्टोग्राम नाही आणि दुकानही वेगळं, म्हणून नेटवर्क व्यवहार नाकारतं. खरा नंबर त्या साठ्यात नसल्यामुळे बाईंना कार्ड बंद करून नवं घ्यायची गरज पडत नाही. बँक त्या दुकानाची टोकनं रद्द करू शकते आणि औषधांच्या दुकानातलं टोकन तसंच चालू राहतं. पूर्वी एका दुकानातून नंबर फुटला की ते कार्ड सगळीकडेच धोक्यात यायचं. या बदलाची खरी किंमत मला इथे दिसते.

टोकन कुठे उपयोगी पडत नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. पहिल्यांदा नंबर टाइप करताना तो खराच असतो. ते पान बनावट असेल, किंवा फोनवरच्या गोड बोलण्याला भुलून कुणी ओटीपी सांगितला, तर टोकन मध्ये येत नाही. दुकानातलं तुमचं खातंच कुणी उघडलं, तर तिथलं टोकन त्याच्याही हाताशी येतं आणि मग फक्त ओटीपी आड उभा राहतो. हा नियम देशांतर्गत व्यवहारांचा आहे. परदेशी साइटवर दिलेला नंबर ती साइट कसा ठेवते, हे या नियमाच्या कक्षेत येत नाही.

सेव्ह केलेलं कार्ड अचानक चालेनासं झालं, तर त्यामागे बहुधा दोनपैकी एक कारण असतं. कार्ड नुकतंच बदललं असेल, तर टोकन जुन्या कार्डाशी जोडलेलं राहिलेलं असतं. नवं कार्ड जुन्या दुकानांशी जोडण्यापूर्वी बँकेने ग्राहकाची स्पष्ट संमती घ्यायला हवी, असा आपल्याकडचा नियम आहे, त्यामुळे ते आपोआप बदलेल असं धरू नये. कार्ड तेच असूनही सेव्ह केलेल्या यादीतून नाहीसं झालं, तर दुकानाने अ‍ॅग्रिगेटर बदलला असण्याची शक्यता असते. टोकन जुन्या अ‍ॅग्रिगेटरच्या नावाने निघालेलं असतं आणि नव्याला अनेकदा ते वापरता येत नाही. दोन्ही वेळा उपाय एकच, कार्ड नव्याने सेव्ह करायचं. यासाठी ग्राहकाकडून पैसे घेतले जात नाहीत.

कार्ड कुठे कुठे सेव्ह केलं होतं हे आठवत नसेल, तर ते बँकेकडून कळतं. टोकन असलेल्या दुकानांची यादी दाखवण्याची आणि हवं ते टोकन रद्द करू देण्याची सोय बँकेने द्यायलाच हवी. अ‍ॅपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये ती बहुधा कार्डांच्या विभागात, टोकन व्यवस्थापन अशा अर्थाच्या नावाखाली सापडते. डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेने उलट्या बाजूनेही वाट मोकळी केली आहे. बँकेच्या अ‍ॅपमधूनच दुकानं निवडून एका ओटीपीत अनेक ठिकाणी टोकन तयार करता येतं आणि तेव्हा कार्डनंबर एकाही दुकानाच्या पानावर टाइप करावा लागत नाही. तुमच्या बँकेने ही सोय सुरू केली आहे का, हे त्याच विभागात दिसेल. ती यादी उघडाल तेव्हा दोन-तीन वर्षांत एकदाही खरेदी न केलेल्या दुकानांची टोकनं काढून टाका. त्याने कार्डावर किंवा बाकीच्या दुकानांवर काहीही परिणाम होत नाही.

पुढच्या आठवड्यात : दर महिन्याला आपोआप कापले जाणारे पैसे आणि त्यांचा ई-मँडेट.